आत्याचे दोनशे शेअर: बोनसपासून लोअर सर्किटपर्यंत

माझी आत्या नाशिकला गंगापूर रोडला राहते. शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. तिच्या डीमॅट खात्यात एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीचे दोनशे शेअर होते, काही वर्षांपूर्वी २४० रुपयांनी घेतलेले. म्हणजे ४८,००० रुपये गुंतलेले. खातं तिच्या नावावर आहे, सही आणि निर्णय तिचे. कंपनीकडून येणारे ई-मेल वाचून त्यांचा अर्थ सांगायचं काम मात्र माझ्याकडे. मी सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, त्यामुळे ताळेबंद रोजच्या ओळखीचा. गेल्या वर्षी या एकाच शेअरमध्ये तेजी, बोनस, लाभांश आणि लोअर सर्किट असं सगळं पाठोपाठ येऊन गेलं. हे शब्द टीव्हीवर रोज कानावर पडतात, पण आपल्या खात्यात ते घडतात तेव्हा नेमकं काय होतं, हे मला तेव्हा जवळून बघता आलं. ते इथे लिहितो. कंपनीचं नाव सांगत नाही आणि तिचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात घेतो.

मे महिन्यात संचालक मंडळाची बैठक झाली आणि तीन गोष्टी एकदम जाहीर झाल्या. वर्षाचा नफा चांगला वाढलेला, ३० टक्के लाभांशाची, म्हणजे नफ्यातून भागधारकांना रोख वाटा देण्याची शिफारस, आणि एकास एक बोनस, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. भाव तेव्हा सातशेच्या आसपास होता. पुढच्या काही आठवड्यांत तो नऊशेवर गेला. अशा वेळी बुल आणि बेअर हे शब्द कानावर येतात. बुल म्हणजे तेजीवाला, भाव वाढणार या अंदाजाने आज खरेदी करणारा. बेअर त्याच्या उलट, भाव पडणार असं धरून विकणारा. हे काही कायमचे दोन गट नव्हेत; एकच माणूस एका शेअरमध्ये तेजीवाला आणि दुसऱ्यात मंदीवाला असू शकतो. आत्याच्या शेअरमध्ये त्या आठवड्यांत तेजीवाले जोरात होते आणि कोणाशीही बोललं तरी कारण एकच सांगितलं जात होतं, 'बोनस येतोय ना.'

मला हे कारण पटत नव्हतं, आणि का पटत नव्हतं हे आत्याला कागदावर मांडून दाखवलं. कंपनीचे एक कोटी शेअर. प्रत्येकाची दर्शनी किंमत, म्हणजे कंपनीने कागदोपत्री ठरवलेली मूळ किंमत, दहा रुपये. म्हणजे भागभांडवल दहा कोटी. याशिवाय वर्षानुवर्षं नफ्यातून साठवलेला राखीव निधी १२० कोटी. दोन्ही मिळून १३० कोटी हा भागधारकांचा पैसा. एकास एक बोनस द्यायचा म्हणजे आणखी एक कोटी शेअर काढायचे, दर्शनी किंमत तीच दहा रुपये. त्यासाठी लागणारे दहा कोटी राखीव निधीतून भागभांडवलात वळवायचे. भागभांडवल वीस कोटी, राखीव निधी ११० कोटी, बेरीज परत १३० कोटी. कंपनीच्या बँक खात्यातून एक रुपया बाहेर गेला नाही आणि एक रुपया आत आला नाही. आमच्या भाषेत ही निव्वळ एक जर्नल एंट्री आहे.

नफ्याचंही तेच. कंपनीचा वर्षाचा नफा तीस कोटी, म्हणजे शेअरमागे तीस रुपये. शेअर दोन कोटी झाले की तोच नफा शेअरमागे पंधरा रुपये. नऊशे रुपयांना तीस रुपयांचा नफा आणि साडेचारशेला पंधरा रुपयांचा, दोन्हीकडे भाव नफ्याच्या तीस पट. आत्याने कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "मग भाव कशाने वाढला?" माझं उत्तर असं होतं की नफा वाढला हे खरं कारण, आणि बोनसच्या बातमीवर गर्दी झाली हे दुसरं. पहिलं टिकणारं, दुसऱ्याची खात्री नाही. अर्थात बोनसला काहीच अर्थ नाही असंही मी म्हणणार नाही. बोनस देण्याइतका राखीव निधी कंपनीने साठवलेला आहे, तो नुसत्या जमिनीच्या फेरमूल्यांकनातून फुगवलेला चालत नाही, कायद्याने त्याला मनाई आहे. आणि शेअरची संख्या वाढली की बाजारात देवाणघेवाण जरा सोपी होते. पण श्रीमंती वाढत नाही.

भागधारकांची मंजुरी झाली, मग रेकॉर्ड डेट जाहीर झाली. तो शुक्रवार होता. रेकॉर्ड डेटच्या दिवशी ज्यांच्या डीमॅट खात्यात शेअर आहेत त्यांना बोनस मिळतो. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरचा व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. म्हणजे गुरुवारी घेतलेला शेअर शुक्रवारी खात्यात येतो आणि बोनसला पात्र ठरतो. शुक्रवारी घेतलेला सोमवारी येतो, त्याला बोनस नाही. म्हणूनच शुक्रवारची सकाळ उजाडली की शेअर 'एक्स-बोनस' होतो, बोनस वगळून विकला जातो, आणि एक्स्चेंज आदल्या दिवशीचा बंद भाव स्वतःच त्या प्रमाणात कमी करून घेतो. नऊशेचा साडेचारशे.

आत्याच्या बिल्डिंगमधले एक काका बुधवारी मला जिन्यातच गाठून म्हणाले, "गुरुवारी शंभर घेऊन टाकतो. शुक्रवारी दोनशे होतील, सोमवारी विकून मोकळा." मी म्हटलं, "काका, तुम्ही गुरुवारी शंभर शेअरना नव्वद हजार द्याल. शुक्रवारी भाव साडेचारशे असेल आणि तुमचे शेअर दोनशे. नव्वद हजारच झाले. दलाली आणि कर वर." त्यांचा विश्वास बसेना. भाव निम्मा करतं कोण, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता. भाव काही सरकारी आदेशाने निम्मा होत नाही. एक्स्चेंज फक्त दिवसाची सुरुवात कुठून मोजायची तो आकडा बदलतो. पुढे भाव घेणारे-विकणारेच ठरवतात. पण बोनस हक्काशिवायचा शेअर नऊशेला घेणारा कोणी नसतो, कारण त्याच्या मागचा नफा निम्मा झालेला सगळ्यांना माहीत असतं.

शुक्रवारी सव्वानऊ वाजून गेल्यावर आत्याचा फोन आला. ॲपमध्ये आदल्या संध्याकाळी तिच्या शेअरची किंमत १,८०,००० दिसत होती, आता ९०,०००च्या आसपास. भाव निम्मा झाला, पण शेअरची संख्या अजून दोनशेच. ही फट बोनसच्या प्रत्येक वेळी पडते आणि घाबरवते. नवे शेअर त्याच दिवशी खात्यात येत नाहीत. पूर्वी तर यायला बरेच दिवस लागायचे. ऑक्टोबर २०२४ पासून बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने नियम केला की रेकॉर्ड डेटनंतरच्या कामकाजाच्या पहिल्या दिवशी शेअरचं वाटप झालं असं धरायचं आणि दुसऱ्या दिवशी ते विकता आले पाहिजेत. शुक्रवार रेकॉर्ड डेट असल्यामुळे सोमवारी वाटप आणि मंगळवारी विक्रीला मोकळे. मधले शनिवार-रविवार आत्याने ॲप उघडायचं नाही असं ठरवलं, आणि ते तिने पाळलं. मंगळवारी चारशे शेअर दिसले.

काकांनी शेवटी घेतले नाहीत.

आता लाभांश. '३० टक्के लाभांश' हे वाचून आत्याच्या मैत्रिणीने हिशोब केला होता की नऊशेचे तीस टक्के म्हणजे शेअरमागे २७० रुपये. हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकला आहे की तो ठळकपणे सांगावासा वाटतो. लाभांशाची टक्केवारी बाजारभावावर नसते, दर्शनी किमतीवर असते. दहा रुपयांचे तीस टक्के म्हणजे तीन रुपये. दर्शनी किंमत दोन रुपये असलेल्या कंपनीने तीस टक्के दिले तर साठ पैसे. त्यामुळे टक्केवारी बघून दोन कंपन्यांची तुलना करण्यात काही हशील नाही. शेअरमागे किती रुपये आणि भाव किती, एवढंच बघावं. आत्याच्या शेअरवर नऊशेला तीन रुपये, म्हणजे शंभराला तेहतीस पैसे. बचत खात्याच्या व्याजाच्याही खाली. लाभांशासाठी घेण्याचा हा शेअर नव्हता.

दुसरी गोष्ट बारीक अक्षरात होती. कंपनीच्या सूचनेत लिहिलं होतं: लाभांश बोनसपूर्व शेअरवर तीन रुपये, म्हणजेच बोनसनंतरच्या शेअरवर दीड रुपया. लाभांशाची शिफारस संचालक मंडळ करतं, त्याला वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजुरी मिळते आणि मग तीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. सभा ऑगस्टच्या शेवटी होती, तोपर्यंत शेअर दुप्पट झालेले. कंपनीने लाभांशासाठी तीन कोटी ठरवले होते. ते एक कोटी शेअरवर वाटा किंवा दोन कोटींवर, रक्कम तीच. आत्याला दोनशे गुणिले तीन म्हणून सहाशे मिळायचे होते, चारशे गुणिले दीड म्हणून सहाशेच मिळाले. मला वाटतं बोनस म्हणजे काय हे आत्याला पूर्णपणे पटलं ते माझ्या ताळेबंदाने नाही, या सहाशे रुपयांनी.

पैसे ब्रोकरच्या खात्यात येत नाहीत, डीमॅटला जोडलेल्या बँक खात्यात थेट येतात. पासबुकात 'एसीएच' अशी अक्षरं आणि पुढे कंपनीचं अर्धवट नाव असतं, त्यामुळे कित्येकांना तो लाभांश आहे हे कळतच नाही. एका कंपनीकडून वर्षभरात दहा हजारांपर्यंत लाभांश असेल तर कर कापला जात नाही. ही मर्यादा एप्रिल २०२५ आधी पाच हजार होती. कापला नाही म्हणजे करमुक्त असं नव्हे, रिटर्नमध्ये दाखवायचाच. आणि बँक खातं बंद केलेलं असेल, डीमॅटमध्ये जुनंच नोंदलेलं असेल, तर लाभांश कंपनीकडे पडून राहतो. सलग सात वर्षं तो कोणी मागितला नाही तर पैसेच काय, ते शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात. परत मिळवता येतात, पण कागदपत्रांची पायपीट मोठी असते. आत्याचं पेन्शनचं खातं दुसऱ्या शाखेत गेलं होतं, म्हणून आम्ही हे आधीच तपासून घेतलं.

दिवाळीच्या आधी तिमाही निकाल आले आणि ते वाईट होते. एक मोठी ऑर्डर रद्द झालेली, नफा निम्म्यावर. निकाल बाजार बंद झाल्यावर जाहीर झाले. त्या दिवशीचा बंद भाव ४६० होता. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला शेअर उघडला तो थेट ४३७ला, आणि तिथेच थिजला.

याला लोअर सर्किट लागणं म्हणतात. प्रत्येक शेअरला दिवसभरात आदल्या बंद भावापासून किती वर किंवा खाली जाता येईल याची मर्यादा असते, २, ५, १० किंवा २० टक्के. ती एक्स्चेंज ठरवतं आणि शेअरच्या वागण्याप्रमाणे बदलतंही. या शेअरची मर्यादा पाच टक्के होती. ४६०चे पाच टक्के २३, म्हणून तळ ४३७. ज्या शेअरमध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार चालतात, म्हणजे बहुतेक मोठ्या कंपन्या, त्यांना अशी पक्की मर्यादा नसते. तिथे ती दहा टक्क्यांपासून सुरू होऊन गरजेप्रमाणे पुढे सरकवली जाते. एक्स्चेंजच्या वेबसाइटवर शेअरचं पान उघडलं की 'Price Band' या नावाखाली ही मर्यादा दिसते. घेण्याआधी एकदा बघावी.

लोकांना वाटतं सर्किट लागलं म्हणजे व्यवहार बंद. एका शेअरच्या बाबतीत तसं नसतं. व्यवहार चालूच असतो, फक्त ४३७च्या खाली कोणी भाव लावू शकत नाही. आणि ४३७ला घ्यायला कोणी तयार नसतं, कारण उद्या आणखी स्वस्त मिळेल असं सगळ्यांना दिसत असतं. मी संध्याकाळी आत्याला खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी दाखवली. डावीकडे घेणाऱ्यांच्या पाचही ओळी शून्य. उजवीकडे ४३७ला लाखभराहून अधिक शेअर विकायला रांगेत. आत्याला शंभर शेअर काढून घ्यायचे होते. तिने सकाळीच विक्रीची ऑर्डर टाकली होती, पण तीही त्याच रांगेत उभी. सगळ्यांचा भाव एकच असल्यामुळे ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा नंबर आधी, आणि बाजार बंद झाला की रांग मोडते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नव्याने उभं राहावं लागतं.

"स्टॉप-लॉस लावला असता तर?" आत्याने विचारलं. टीव्हीवर ऐकलेला शब्द. स्टॉप-लॉस म्हणजे भाव अमुक खाली आला की आपोआप विका, अशी आधी देऊन ठेवलेली ऑर्डर. पण ती फक्त विक्रीची ऑर्डर जागी करते, घेणारा आणून देत नाही. घेणारा नसेल तर तीही रांगेतच जाते. पाच टक्के मर्यादेच्या शेअरमध्ये स्टॉप-लॉसवर विसंबून कोणी मोठी रक्कम ठेवत असेल तर त्याने हे आधी समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. सर्किट भाव एका दिवसात कोसळू देत नाही, लोकांना विचार करायला रात्र देतं, हे खरं आहे. पण त्या काळात पैसे अडकलेले असतात.

दुसऱ्या दिवशी तळ ४१५.१५, परत लोअर सर्किट. तिसऱ्या दिवशी ३९४.४०. दर वेळी पाच टक्के आदल्या दिवसाच्या भावावर मोजले जातात, म्हणून पायरी लहान होत जाते. मी रोज उजवीकडचा आकडा बघत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर तो वेगाने उतरू लागला आणि व्यवहार झालेल्या शेअरची संख्या मात्र वाढू लागली, म्हणजे कोणीतरी ३९४.४०ला घेत होतं. रांग आटतेय आणि उलाढाल वाढतेय, ही सर्किट उघडण्याची खूण. रांग तशीच आणि उलाढाल नगण्य असेल तर उद्याही तेच होणार असं धरावं.

अप्पर सर्किट याचंच उलटं रूप आहे, तिथे घेणाऱ्यांची रांग असते आणि विकणारा नसतो. मोबाइलवर 'रोज अप्पर सर्किट' म्हणून टिपा येतात त्यातले बरेच शेअर अगदी थोड्या उलाढालीवर वर चढवलेले असतात. रोज पाच टक्के वाढताना आपल्याला मिळत नाहीत, आणि ज्या दिवशी हवे तेवढे मिळतात त्या दिवशी विकणारा कोण असेल याचा विचार करावा.

सगळा बाजार खरोखर थांबतो ते सर्किट वेगळं. सेन्सेक्स किंवा निफ्टी यांपैकी कुठलाही निर्देशांक १०, १५ किंवा २० टक्के हलला की देशभरचे शेअरचे व्यवहार थांबवतात, किती वेळ ते निर्देशांक किती हलला आणि घड्याळात किती वाजले आहेत त्यावर. १३ मार्च २०२० ला सकाळी निफ्टी दहा टक्के पडला आणि पाऊण तास बाजार बंद राहिला. उघडल्यावर तो फिरला आणि दिवसअखेर वाढून बंद झाला. २३ मार्चला पुन्हा दहा टक्के, पुन्हा पाऊण तास, पण त्या दिवशी थांबूनही उपयोग झाला नाही. सेन्सेक्स तेरा टक्क्यांहून अधिक खाली बंद झाला.

चौथ्या दिवशी आत्याचा शेअर तळाला न जाता ३८०च्या आसपास उघडला. घेणाऱ्यांच्या ओळी भरलेल्या दिसल्या आणि तिचे शंभर शेअर ३८२ला गेले. ॲपने लगेच नफा दाखवला २६,२०० रुपये. हिशोब असा की ४८,००० भागिले चारशे, सरासरी १२० रुपये, आणि ३८२ वजा १२०. करासाठी हा आकडा चालत नाही. आयकराच्या हिशोबात बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि जुन्या शेअरची आहे तीच, २४०. डीमॅट खात्यातून आधी आलेले शेअर आधी गेले असं मानतात, म्हणजे हे शंभर जुन्या दोनशेपैकीच. नफा ३८२ वजा २४०, म्हणजे १४,२०० रुपये. ते वर्षाहून जास्त ठेवलेले असल्यामुळे दीर्घ मुदतीचा नफा, आणि सव्वा लाखापर्यंत त्यावर कर नाही. उरलेल्या तीनशेत शंभर २४०चे आणि दोनशे शून्याचे. त्या दोनशेची मुदत वाटपाच्या सोमवारपासून मोजायची. वर्ष व्हायच्या आत विकले तर अख्ख्या विक्रीच्या रकमेवर वीस टक्के. आत्याने हे दोन गठ्ठे तिच्या वहीत वेगवेगळ्या ओळींत, तारखांसकट लिहून ठेवले आहेत, कारण ॲपमध्ये ते एकच दिसतात.